समुद्राच्या तळावरच्या सऱ्या

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांची एक पाटी समोर धरली आणि आकडा विचारला. मला नुसते ठिपके दिसले. माझ्यामागून माझा मित्र आत गेला आणि दोन मिनिटांत हसत बाहेर आला. लाल आणि हिरव्या रंगात माझी गफलत होते, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. बोटीवर काम करणाऱ्याला दुसऱ्या बोटीचे लाल-हिरवे दिवे ओळखता आले पाहिजेत, असा नियम. त्यामुळं समुद्रतळाची मोजणी करणाऱ्या आमच्या कंपनीनं मित्राला बोटीवर पाठवलं आणि मला चिकलठाण्याच्या ऑफिसात संगणकासमोर बसवलं.

आम्ही एकाच वर्गात शिकलो होतो. मी बजाजनगरचा, तो चितेगावचा. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. माझे मार्क त्याच्यापेक्षा जास्त होते, हे मी तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असे.

तो कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या बंदरावर होता. गाळ काढण्याआधी तिथल्या तळाचा नकाशा हवा होता. बोटीच्या पोटाखाली मल्टिबीम नावाचं यंत्र बसवलेलं. ते एकाच वेळी शेकडो किरणांचा पंखा उघडून आवाज खाली सोडतं, आणि प्रत्येक किरण तळाला लागून किती वेळात परत येतो त्यावरून खोली काढतं. बोट डुलते, वर-खाली होते, तेही दुसरं यंत्र सतत मोजत असतं. बोट शेतात नांगर फिरावा तशी एकाशेजारी एक फेऱ्या मारते आणि पट्ट्याला पट्टा जोडून तळ तयार होतो. रोज संध्याकाळी तो सगळा डेटा माझ्याकडं यायचा. मासे, बुडबुडे, इंजिनाचा गोंगाट यांनी उठलेले खोटे ठिपके मी वेचून काढायचो.

डेटासोबत त्याचे आवाजी निरोपही यायचे. "अरे भाऊ, आज डॉल्फिन दिसले! लई जवळून. तू असता तर येडा झाला असता." मागं वारा, पाणी, कुणाची तरी हाक. मी ते निरोप दोन-दोनदा ऐकायचो आणि उत्तर द्यायचो नाही. घरी आई विचारायची, "त्याचा फोन आला का रे? पोरगं दर्यावर गेलं, मोठी हिंमत केली." मी ताट सरकवून उठायचो.

आमच्या विभागाच्या मॅडमनी त्याच्या पहिल्या आठवड्याचा नकाशा छापून भिंतीवर लावला. उथळ भाग लाल, मधला हिरवा, खोल भाग निळा. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सुंदर काम केलंय त्यानं. त्यातले खोटे ठिपके वेचण्यात माझे डोळे शिणले होते. तसं कुणी म्हणालं नाही, आणि मला तर त्या नकाशाचे निम्मे रंग सारखेच दिसत होते.

म्हणून मी रंग बंद करून काम करायचो. पडद्यावर तळ राखाडी ठेवायचा आणि एका बाजूनं कमी उंचीवरून खोटा उजेड सोडायचा, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. त्या सोमवारी तसा उजेड सोडला आणि मला सऱ्या दिसल्या. ऊस लावायला पाडतात तशा सरळ, समांतर, बोटीच्या फेऱ्यांच्या दिशेनं. असा तळ निसर्गात नसतो. मी आडवा छेद काढला. प्रत्येक पट्टा मधोमध बरोबर होता, पण दोन्ही कडा वीतभर खाली झुकलेल्या. दोन झुकलेल्या कडा जिथं भेटतात तिथं एक सरी. सकाळच्या फेऱ्या मात्र सपाट होत्या. दुपारच्या, ओहोटीच्या, तेवढ्या बिघडलेल्या.

कारण मला लगेच कळलं. पाऊस नुकताच उघडला होता. ओहोटीला खाडीचं गोडं पाणी बाहेर येऊन खाऱ्या पाण्यावर पसरतं. दोन्हींत आवाजाचा वेग वेगळा, त्यामुळं तिरपे जाणारे किरण वाटेत वाकतात. सरळ खाली जाणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, कडेच्यांना पडतो. वेग मोजणारा प्रोब पाण्यात सोडून तपासायचा असतो. माझा मित्र तो सकाळी एकदाच सोडायचा आणि तोच वेग दिवसभर वापरायचा.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, छातीत गरम वाटावं इतका आनंद झाला.

एक फोन करायचा होता. "दर दोन तासांनी प्रोब सोड," एवढंच सांगायचं होतं. सऱ्यांचं चित्र मी जपून ठेवलं आणि गप्प राहिलो. मंगळवारी तो तसंच काम करत राहिला. बुधवारी, गुरुवारीही. दुपारचे वेग मोजलेलेच नसल्यानं त्या फेऱ्या ऑफिसात दुरुस्त करता येणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. शुक्रवारच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सऱ्या पडद्यावर लावल्या.

मॅडमनी तिथूनच त्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "व्हय मॅडम, चुकलं माझं. परत करतो." बैठकीनंतर त्यानं मला फोन केला.

"तुला कधी दिसलं रे?"

"काल," मी म्हणालो.

संध्याकाळी मॅडमनी मला थांबवलं. "तुमच्या चित्रावर सोमवारची तारीख आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "फेऱ्या परत होताना तुम्ही तिथं जा. एक दिवस पाहुणे म्हणून बोटीवर बसा. त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

अशा रीतीनं मी पहिल्यांदा समुद्रावर गेलो. माझा मित्र उन्हानं काळवंडला होता. तासाभरात त्याला दोनदा उलटी झाली, तोंड धुऊन पुन्हा पडद्यासमोर बसला. बोट हलली की त्याचे पाय आपोआप जुळवून घेत होते. मला वाटलं होतं, हाल बघून माझी जळजळ कमी होईल. उलट ती वाढली. उलटीसकट ते सगळं मला हवं होतं.

ओहोटी लागल्यावर त्यानं बोट थांबवली आणि प्रोब खाली सोडला. पडद्यावर वेगाची रेघ वरच्या दोन मीटरांत एकदम वळली आणि खाली सरळ झाली. गोड्या पाण्याचा थर उघड दिसत होता.

"मला सोमवारीच दिसलं होतं," मी म्हणालो.

तो केबल ओढत होता. हात थांबले नाहीत. "सोमवारी?"

"हं."

"आणि मी येड्यावानी चार दिवस..." त्यानं वाक्य सोडून दिलं. प्रोब वर आल्यावर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मार्क तुझे जास्त होते म्हणून तू ऑफिसात असल्यावर मला निर्धास्त वाटायचं." मग त्यानं नाखव्याला पुढची फेरी घ्यायला सांगितलं.

मी माफी मागितली. "ठीक आहे," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर त्यानं मला बिस्किटाचा पुडा दिला आणि पडद्याकडं वळला.

नव्या फेऱ्या सपाट आल्या. आता तो दर दोन तासांनी प्रोब सोडतो, प्रत्येक फाइलला वेळ लिहितो आणि मी काही विचारलं की तासाभरात उत्तर देतो. आवाजी निरोप बंद झाले. मागच्या महिन्यात त्याला अंदमानकडच्या खोल समुद्राच्या कामावर घेतलं. मला ते मॅडमकडून कळलं. त्याला अभिनंदनाचा निरोप लिहिताना मला तीनदा खोडावं लागलं.