किमान दाब एक बार

त्या प्लंबरला सगळे ‘पोथी’ म्हणत. कामाला आला की तो आधी एक बादली पालथी घालायचा, तिच्यावर बसायचा आणि नळांच्या खोक्यांवर जे काही छापलेलं असेल ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. पान्याला हात त्यानंतर. लोकांना वाटायचं, गडी कामचुकार आहे. तो लोकांना वाटू द्यायचा.

पंधरा वर्षांपूर्वी त्याला आकडे आणि स्वतःची सही, एवढंच येत होतं. तेव्हा एका सभागृहात त्याने बेसिनखाली लवचीक नळ्या बसवल्या. इमारतीचा पंप आठ बार दाबाने पाणी ढकलायचा आणि नळ्या सहा बारपर्यंतच्याच. चौथ्या दिवशी एक नळी फुटली आणि खालच्या कचेरीचं छत टेबलांवर आलं. नळ्यांच्या कंपनीचा माणूस आला. त्याने वॉरंटीचं कार्ड उघडून सर्वांदेखत वाचलं, “कमाल दाबापेक्षा जास्त दाबावर वापरल्यास हमी लागू नाही.” मग त्याला विचारलं, “वाचलं नव्हतं का?”

वाचता येत नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा निष्काळजी ठरलेलं त्याला परवडलं. वर्षभर कुणी काम दिलं नाही. त्या वर्षात बायकोने त्याला वाचायला शिकवलं, तेच कार्ड समोर ठेवून. त्यामुळे त्याने आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य ‘खालील परिस्थितीत हमी रद्द समजावी’ हे होतं.

यंदा त्याच्या बहिणीने घर बांधलं. नळ-शॉवरची खरेदी मेहुण्याने स्वतः केली होती. मेहुणा विमा कंपनीत होता आणि बारीक अक्षरांतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज होता.

पोथी बादलीवर बसला. अर्धा तास झाला.

“दाजी, हा शॉवर चालणार नाही.”

“का? मिनिटाला बारा लिटर लिहिलंय. वाच की!”

“वाचलं. बारा लिटर तीन बारला. किमान दाब एक बार. तुमची टाकी शॉवरच्या वर चार मीटर. दहा मीटर पाण्याला एक बार धरा. म्हणजे तुमच्याकडे पॉइंट चार.”

“कागदावरचं सगळं खरं नसतं रे.”

पोथीने शॉवरच्या पाइपाला दाबमापक लावला आणि कॉक उघडला. काटा किंचित हलला आणि पॉइंट चारवर बसला. मेहुण्याने काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म हलला नाही.

“पंप बसवू,” मेहुणा म्हणाला.

“माझ्या डोक्यावर घरघर नको,” बहीण दारातूनच म्हणाली. “दादा, बाकीचं तरी बरं आहे का?”

बाकीचे सहा नळ होते. खोक्यावर सरकारी प्रमाणचिन्ह ठळक होतं. पोथीने त्याच्याखालचा परवाना क्रमांक फोनवर तपासला. मग पुन्हा तपासला.

“क्रमांक खरा आहे,” तो म्हणाला.

“बघ!”

“पण तो प्रेशर कुकरच्या कारखान्याचा आहे.”

बहीण हसली नाही. हसू दाबत स्वयंपाकघरात निघून गेली.

मेहुण्याने खोकं उघडायला नख लावलं, तसा पोथीने त्याचा हात धरला. “सील फोडू नका, दाजी. बिलाच्या मागे लिहिलंय. सील तुटलेला माल परत घेत नाहीत.”

दोघे दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “चिन्ह आहे ना? मग झालं तर!” पोथीने फोन पुढे केला. दुकानदाराने त्यावरचं वाचलं, आवाज खाली आणला आणि सगळा माल परत घेतला. बदल्यात पोथीने साधा शॉवर निवडला, किमान दाब पॉइंट दोन. नळ घेतले तेही क्रमांक जुळवून. मेहुणा निघायला लागला.

“थांबा. हमीच्या कार्डावर तारीख, मॉडेल, शिक्का घ्या. दहा वर्षांची हमी फक्त आतल्या, पाणी उघडबंद करणाऱ्या कार्ट्रिजला आहे. वरच्या चकाकीला दोनच, आणि ॲसिडने घासलं तर तीही गेली.”

“हे कुठे लिहिलंय?”

पोथीने कार्ड उलटून एका ओळीखाली बोट ठेवलं. मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुकानाच्या दारात उभ्या उभ्या ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग हळूच म्हणाला, “आमच्या पॉलिसीतही असंच असतं.”

“असणारच,” पोथी म्हणाला.

नळ बसले, पाणी आलं. बहिणीला शॉवरची धार पसंत पडली. संध्याकाळी तिने भावाला विचारलं, “इतकं बारीक वाचून कंटाळा नाही येत?”

“चाळिशीत वाचायला लागलोय,” तो म्हणाला. “अजून नवीनच आहे.”