न चढलेले तीन जिने

कोर्टात सगळे त्याला डिंकभाऊच म्हणत. सव्वीस वर्षं तो बेलिफ होता. समन्स घेऊन दारोदार फिरायचं, माणूस भेटला तर सही घ्यायची. अनेकदा जाऊनही भेटला नाही, भेटायची शक्यताही उरली नाही, तर साक्षीदारांसमोर समन्स दारावर चिकटवायचं आणि तसा अहवाल द्यायचा. त्यासाठी पिशवीत डिंकाची बाटली असायचीच. कामाला चोख म्हणून त्याचं नाव होतं. पण गुडघे गेले आणि तिथूनच घसरण सुरू झाली.

त्या दिवशी त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंचं समन्स होतं. घरमालकाने खोली खाली करून मिळावी म्हणून दावा लावला होता. खाली मालकाचा कारकून उभाच होता. "कशाला चढताय? बाई गावाला गेल्यात. महिनाभर येत नाहीत," तो म्हणाला. डिंकभाऊने जिन्याकडे पाहिलं आणि समन्स तळमजल्याच्या लोखंडी दाराला चिकटवलं. अहवालात मात्र लिहिलं : 'तीन वेळा समक्ष गेलो. खोलीला कुलूप. दारावर समन्स डकवले.' साक्षीदार म्हणून सही केली ती त्याच कारकुनाने.

कोर्टाने समन्स बजावल्याचं धरलं. बाई तारखेला आल्या नाहीत आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे खोली खाली करून देण्याचा निकाल, झाला.

पाच महिन्यांनी ताब्याचं वॉरंट निघालं, आणि ते नेमकं त्याच्याच हातात आलं. या वेळी चढावं लागलं. दार उघडंच होतं. मशीनवर वाकलेल्या बाईंनी मान वर केली, तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"कुठली केस, भाऊ? मला तर कुणी काहीच सांगितलं नाही."

"समन्स आलं होतं, ताई."

"कधी?"

त्याने तारीख सांगितली. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं उलटली. "तेव्हा तर शाळेच्या गणवेशांचं काम होतं. महिनाभर उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही मी."

बाई मशीनला धरून उभ्या राहिल्या. "इथून हलणार नाही," म्हणाल्या. बरोबर आलेला मालकाचा कारकून ओरडत होता, पण पोलीस बरोबर नव्हते. 'अडथळा झाला, ताबा घेता आला नाही' असं लिहून त्याने वॉरंट परत केलं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी वकील गाठला. समन्स नीट बजावलंच नाही, म्हणून हुकूमनामा रद्द करावा, असा अर्ज पडला. केस झाल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत आल्यामुळे तो मुदतीत होता. अंमलबजावणीला स्थगिती मिळाली आणि साक्षीसाठी डिंकभाऊला बोलावणं आलं.

नाझरसाहेब, म्हणजे त्याचे वरिष्ठ, म्हणाले, "अहवालात आहे तेवढंच बोल. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. हातचं सोडू नकोस."

घरी बायकोने ताट वाढलं, तर त्याने ते तसंच बाजूला सारलं.

"अहो, झालंय काय?"

त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या अहवालावर कोर्ट डोळे मिटून विश्वास ठेवतं ना? मग?"

तो पिंजऱ्यात उभा राहिल्यावर बाईंच्या वकिलांनी विचारलं, "खोलीच्या दाराचा रंग कोणता होता?"

उत्तर तयार होतं. वॉरंटच्या दिवशी त्याने दार पाहिलंच होतं.

"हिरवा," तो म्हणाला. मग जीभ अडखळली. "पण साहेब, तो मी नंतर पाहिला. समन्सच्या वेळी मी जिना चढलोच नाही. तीन वेळा गेलो हेही खोटं. एकदाच गेलो. कागद खालच्या दाराला लावला."

मालकाच्या वकिलांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला : ही किरकोळ चूक आहे, बाईंना तारीख माहीतच होती. न्यायाधीश म्हणाल्या, "माहीत होती, याचा पुरावा द्या." पुरावा नव्हता. हुकूमनामा रद्द झाला. दावा पुन्हा चालणार होता, आणि बाईंना आपली कैफियत मांडायला मुदत मिळाली. खोली वाचली नव्हती, फक्त बोलायची संधी परत मिळाली होती.

डिंकभाऊवर चौकशी बसली. बाहेर व्हरांड्यात तो बाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"ताई, चुकलो. गुडघे दुखत होते, म्हणून चढलो नाही."

"खरं बोललात, बरं केलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "पण गुडघे काय त्या एकाच दिवशी दुखत होते?"

बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने नाझरसाहेबांकडे दोन वर्षांचं बजावणीचं रजिस्टर मागितलं.

"वेड लागलंय का? आपल्याच हाताने गळफास?" साहेब म्हणाले.

"न चढताच समन्स बजावल्याचं लिहिलं, अशी तीन नावं तरी पक्की आठवतात, साहेब. त्यांना अजून कळलंही नसेल."

साहेबांनी नाखुशीने रजिस्टर पुढे सरकवलं. डिंकभाऊने चष्मा चढवला, कोरा कागद ओढला आणि पहिलं नाव लिहिलं.