हिरव्या पाटीचा देश

महाप्यात आमच्या ऑफिसात दिवसभर रस्त्यांचे फोटो येतात. कुठल्या देशातला रस्ता ते ओळखून नोंद करायची, हे माझं काम. लोकांना वाटतं पाटी वाचली की झालं. फोटोत पाटी वाचता येत असती तर मला पगार कोणी दिला असता?

दिघ्यात आमच्या मागच्या चाळीतल्या मावशीचा मुलगा एका एजंटमार्फत बँकॉकला डेटा एन्ट्रीच्या नोकरीला म्हणून गेला; तिकीट एजंटनेच काढलं होतं, घरच्यांनी ते पाहिलंही नव्हतं. विमानतळावरून गाडीत बसल्यावर त्याने एक सेल्फी पाठवला आणि त्यानंतर फोन बंद. एजंट म्हणत होता, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, टेन्शन घेऊ नका." माणूस इतका गोड बोलायला लागला की मला त्याचा संताप येतो. मावशीने बँकॉकच्या आपल्या दूतावासाला अर्ज केला होता. त्यांच्याकडून उत्तर आलं, मुलाचा इथे पत्ता लागत नाही. मग ती तो फोटो घेऊन माझ्याकडे आली.

फोटोत तो मागच्या सीटवर हसत होता. त्याच्या मागे गाडीची काच, काचेतून मागे पडलेला टोलनाका, आणि पलीकडच्या लेनवर आडव्या कमानीला लटकलेली हिरवी पाटी. पाटीवर दोन ओळी होत्या. वरची वळणावळणाच्या अक्षरांची, खालची बहुधा इंग्रजी. फोन टू फोन फिरून फोटो इतका विरला होता की एक अक्षर लागत नव्हतं. थायलंडची लिपी वळणावळणाची, कंबोडियाचीही तशीच. हिरवी पाटी तर आपल्या हायवेवरही असते. नाक्याअलीकडे पेट्रोलपंप, हॉटेल आणि ट्रक उभे करायची जागा दिसत होती, पण असा थांबा दोन्हीकडे असतो.

उरली गाड्यांची बाजू. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, कंबोडियात उजवीकडून. फोटोत त्या उजवीकडून चालल्या होत्या. तिथे राजधानीतून समुद्राकडे जाणारा टोलचा मोठा रस्ता आहे, हे मला कामामुळे ठाऊक होतं.

ऑफिसातला माझा सीनियर फोटो बघून हसला. "अगं, सेल्फी आहे. पुढचा कॅमेरा काही फोनांत आरशासारखा उलटा फोटो काढतो. उलटून बघ, गाड्या डावीकडून. बँकॉकच आहे." आमच्या धंद्यातली ही नेहमीची चूक, उलटा फोटो सुलटा धरायची. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला चहा पाजला. मावशीला मात्र काही सांगितलं नाही. आधी खात्री करायची होती.

खात्री करायला एकच गोष्ट होती. मुलाच्या एका भुवईवर जुन्या जखमेची खूण होती आणि फोटोत ती माझ्या उजव्या हाताला दिसत होती. समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. म्हणजे खूण खरोखर डाव्या भुवईवर असेल तर फोटो सुलटा, आणि मुलगा कंबोडियात. उजव्या भुवईवर असेल तर फोटो उलटा, आणि मुलगा बँकॉकला.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, "मावशी, त्याला लागलं होतं ते कुठल्या भुवईला?"

तिने पिठाचं बोट स्वतःच्या डाव्या भुवईला लावलं. "ही. नळावर भांडन झालं, हंडा लागला. टाके घातले तर रडला बी नाय. डॉक्टर बोलला, तुमचा पोरगा वाघ हाय." कितीतरी दिवसांनी ती हसत होती. तिच्या मागे भिंतीवर मुलाचा स्टुडिओत काढलेला फोटो होता. त्यातही खूण माझ्या उजव्या हातालाच होती.

अर्ज चुकीच्या देशात पडून होता आणि तो बदलायलाच हवा होता. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. गाड्या, आरसा, भुवई.

तवा धुरकटला तरी तिने भाकरी उलटली नाही. कंबोडिया हे नाव तिने टीव्हीवर ऐकलं होतं. आपल्या पोरांना कोंडून मारतात, फोनवरून लोकांना फसवायला लावतात, तो देश.

"म्हंजे डावी असली तर तिकडं?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

तिने भुवईवरचं पीठ पदराने पुसलं. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"उजवी होती गं. मी चुकले. तू उजवी लिही."