दिसते तसेच लिहा

तेलगिरणी बंद पडल्यावर मी दीड वर्ष घरी बसलो. गिरणीत हिशेब बघायचो. पन्नाशी उलटलेल्या हिशेबनिसाला जळगावात कोण ठेवतो? मग एका ओळखीच्याने सांगितले की बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर मराठी टायपिंगचे काम आले आहे, आणि तपासणीसाठी शांत डोक्याचा माणूस हवा आहे. गेलो. शांत डोके आहे असे मला वाटत नाही, पण आकडे जुळेपर्यंत मी उठत नाही, एवढे खरे.

काम असे होते. संगणकावर फोटो यायचे. कुणीतरी मोबाइलवर काढलेले, भिंतीवरच्या, दारावरच्या, खांबावरच्या छापील सूचनांचे. फोटोत जे छापले असेल ते टाइप करायचे. मग त्या सूचनेवर दोन-तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहायची. पाणी कधी येणार नाही, कार्यालय कुठे हलवले, असे. पुढे यातून यंत्राला फोटोतले मराठी वाचायला शिकवतात, असे आम्हाला सांगितले होते. टाइप करणारे पाच जण, तपासणारा मी, आणि सगळ्यांवर एक ताई. ती पहूरची, वय तिशीच्या आत. सगळे तिला ताईच म्हणत, मीसुद्धा.

पाचांत एक नाना होते. धुळ्याच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासली. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके. छापखाना गेला, पाठोपाठ बायको गेली, आणि ते जळगावला लेकीकडे आले. लेकीच्या घरचे फुकट खायचे नाही, हे त्यांचे ठाम होते. आमच्याकडची कमाई हाती आली की ते किराणा आणून टाकत. जावई तोंडावर काही बोलत नसे, पण ज्या महिन्यात किराणा उशिरा आला त्या महिन्यात त्याने विचारले होते, "नाना, धुळ्याच्या खोलीला कुलूपच आहे का अजून?" हे नानांनीच मला सांगितले, हसत.

पहिला खटका उडाला तो पाण्याच्या सूचनेवर. फोटो स्वच्छ होता. मोठ्या अक्षरांत छापले होते, 'बुधवारी पाणीपुवठा बंद राहील'. नानांनी टाइप केले, 'पाणीपुरवठा'. मी खूण केली. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांच्या बोलण्यात मध्येच अहिराणी येई.

"भाऊ, हाई काय शे? मी बरोबर लिहिलं ना?"

"नाना, फोटोत 'र' नाहीये."

"नाहीये म्हणूनच घातला! लोक हसतील की."

ताई तिच्या टेबलावरून म्हणाली, "नाना, लोक वाचणारच नाहीयेत. मशीन वाचणार आहे."

"मग मशीनला तरी चुकीचं कशाला शिकवता, ताई?"

बाकीचे हसले. ताई मात्र उठून आली. तिने नानांच्या पडद्यावर प्रश्नोत्तरांची फाइल उघडली. आमच्या सगळ्यांच्या शंका तिच्यात लिहिलेल्या असत आणि काम देणारे खाली उत्तर देत. तिने मोठ्याने वाचले. प्रश्न: छापील सूचनेत उघड चूक दिसली तर सुधारावी का? उत्तर: नाही, फोटोत दिसते तेच लिहा, चूक आहे अशी टीपही घालू नका. प्रश्न: अक्षर पुसट असेल, पण शब्द कळत असेल तर? उत्तर: वाचता येत नसेल तर अंदाजाने भरू नका, अस्पष्ट अशी खूण करा. प्रश्न: नाव चुकले आहे असे वाटले तर? उत्तर: नावाला कधीच हात लावू नका.

"आणि उत्तरात?" नानांनी विचारले. "पाणी कधी बंद, याचं उत्तर देताना मी 'पाणीपुवठा' लिहू?"

"नाही. तिथे तुमचं वाक्य असतं, ते शुद्ध लिहायचं. फक्त सूचनेतले शब्द अवतरणचिन्हात घेतले, तर छापलेत तसेच."

"म्हणजे एकाच पानावर वर अशुद्ध आणि खाली शुद्ध."

"हो नाना."

"बठ्ठं उलटंच शे, सगळंच उलटं," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

मला नियम पटला होता. फोटोत 'र' नसताना आपण तो लिहिला, तर यंत्र शिकणार की न दिसणारे अक्षरही लिहायचे असते. उद्या ते एखाद्या सातबाऱ्यावरचे नाव आपल्या मनाने 'सुधारेल'. हिशेबातही असेच असते. व्हाउचरवर जो आकडा आहे तोच चढवायचा, मनातला नाही. मी नानांना हे समजावले आणि त्यांना ते समजलेही. अडचण समजण्याची नव्हतीच.

अडचण अशी होती की त्यांना चूक दिसतच नव्हती. छापखान्यात असताना चूक त्यांना टोचायची आणि हात खूण करायचा. इथे खूण करायला समास नव्हता. म्हणून डोळा चुकीचा शब्द उचलायचा आणि हात बरोबर शब्द टाइप करायचा, मध्ये त्यांना विचारणारे कोणी नाही. 'आर्शीवाद' पाहून ते 'आशीर्वाद' लिहीत आणि शपथेवर सांगत की फोटोतही तेच आहे. मग मी फोटो मोठा करून दाखवला की बराच वेळ पाहत राहत.

पन्नास फोटोंचा एक गठ्ठा असे. अशा दोन दुरुस्त्या निघाल्या की गठ्ठा नापास. तीन गठ्ठे नापास झाले की त्या माणसाचे लॉगिन बंद, आणि ते वरूनच बंद होई, ताईच्याही हातात नसे. नानांचे दोन गठ्ठे पहिल्याच महिन्यात गेले.

त्यानंतर त्यांनी जिवाचे रान केले. शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे, म्हणजे अर्थ लागत नाही आणि अक्षरे सुटी दिसतात. ही छापखान्यातली जुनी युक्ती. काही दिवस त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत फोटो वाचून दाखवायला सांगितले. धुळ्याला एक जण मूळ प्रत वाची आणि दुसरा मुद्रित बघे, तसे. पण वाचून दाखवताना मीच शब्द नीट करून उच्चारत होतो आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कानाला कळतच नव्हते. ते सोडून दिले. उलटे वाचून त्यांचा वेग निम्म्यावर आला, कमाईही. किराण्याची पिशवी लहान झाली असणार. पण गठ्ठे पास होऊ लागले.

शेजारचा एक जण त्यांना चिडवायचा, "नाना, आज किती चुका शिकलात?"

"तुझ्याएवढ्या व्हायला अजून वेळ शे," ते म्हणायचे.

उन्हाळ्यात नानांचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. अठ्ठेचाळिसावा फोटो तपासेपर्यंत त्यात एकच दुरुस्ती सापडली होती. एकोणपन्नासावा होता एका विजेच्या डब्यावर चिकटवलेला कागद. वर ठळक मथळा, 'सुचना'. खाली मजकूर, त्यातही एकदा 'सुचना'. दोन्हीकडे 'सु' ऱ्हस्व, म्हणजे चूक. नानांनी मजकुरातला शब्द तसाच ठेवला होता आणि मथळ्यात लिहिले होते, 'सूचना'.

मी हात थांबवला. तपासणाऱ्याला मजकूर दुरुस्त करून कारण निवडावे लागते. कारणे दोन. एक, टायपिंगची चूक, ती किरकोळ, मोजत नाहीत. दुसरे, फोटोत नसलेली दुरुस्ती; ती धरली तर हा नानांचा तिसरा नापास गठ्ठा. आमच्या कीबोर्डवर ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराच्या कळा वर-खाली अगदी लागून आहेत. बोट सहज घसरते. शिवाय खाली तोच शब्द त्यांनी तसाच ठेवला आहे, म्हणजे लक्ष होते. पहिले कारण खरे असू शकत होते. आणि उलट बाजूने, मथळ्यातली चूक मुद्रित तपासणाऱ्याच्या सगळ्यात जास्त निसटते, अक्षर मोठे असते म्हणून तो ते वाचतच नाही, हेही नानांनीच मला एकदा सांगितले होते. मला ठरवता येईना. ज्याला ठाऊक होते तो समोर चार हातांवर बसला होता.

चहाला खाली उतरलो तेव्हा मी त्यांना बाजूला घेतले.

"नाना, विजेच्या डब्याचा फोटो आठवतो? मथळ्यात तुम्ही दीर्घ लिहिलंय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आणि फोटोत?"

"ऱ्हस्व."

"गठ्ठ्यात दुसरी का?"

"हो. पण बोट घसरलं असेल तर ती धरत नाहीत. म्हणून विचारतोय. बोट घसरलं का?"

मी प्रश्न असा विचारला होता की 'हो' म्हणायला काही लागत नव्हते.

"नही भाऊ," ते म्हणाले. "मथळा मी उलटा वाचलाच नाही. एकच शब्द, म्हटलं यात काय वाचायचंय. बोट नाही घसरलं. डोळाच घसरला."

"नाना, मी..."

"तुम्ही विचारलं, मी सांगितलं. आता खूण करा."

मी वर गेलो आणि दुसरे कारण निवडले. विचारले नसते तर पहिले निवडले असते का, याचा मी बराच विचार केला आहे. शंका असताना फायदा माणसाला द्यायचा, असे मी गिरणीत वागत आलो होतो. पण उत्तर मिळाल्यावर शंका उरली नव्हती.

दोन दिवसांनी नानांच्या पडद्यावर लॉगिन होईना. ताईने काम देणाऱ्यांना लिहिले की वय झालेले, प्रामाणिक माणूस आहेत, फक्त उत्तरे लिहायचे काम तरी द्या, त्यांची उत्तरे सगळ्यांत चांगली असतात. उत्तर आले की लॉगिन एकच असते, कामे वेगळी करता येत नाहीत. नानांनी चष्म्याचे घर, पाण्याची बाटली घेतली आणि सगळ्यांना नमस्कार केला.

आठवड्याभराने त्यांची लेक ऑफिसात आली. शाळेत सेविका होती, तशीच कामाच्या साडीत आली होती. नाना सकाळच्या गाडीने धुळ्याला निघून गेले होते, चहासुद्धा न घेता. फोन उचलत नव्हते. तिने ताईला नाही, मलाच विचारले, कारण घरी ते माझ्याबद्दल बोलत असत.

"काका, खरं सांगा. त्यांनी काय केलं? चोरी केली का काही?"

"नाही गं. असं मनात आणू नकोस."

"मग काढलं कशाला?"

मी तिला सांगितले. फोटो, मथळा, ऱ्हस्व, दीर्घ, दोन कारणे. सावकाश सांगितले, काही गाळले नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे कागदावर चुकीचं होतं, त्यांनी बरोबर लिहिलं."

"हो."

"आणि चुकून झालं म्हणाले असते तर राहिले असते?"

"राहिले असते."

तिने पदराने मान पुसली. "आमच्याकडे दोन वर्षं राहिले," ती म्हणाली, "एकदाही म्हणाले नाहीत की भाजीत मीठ कमी आहे." मग जिना उतरून गेली. मी पुढचा गठ्ठा उघडला, पण पहिला फोटो मला तीनदा तपासावा लागला.