सिस्टरांचे अठ्ठ्याहत्तर शब्द

भाजलेल्यांच्या वॉर्डात सिस्टर एकोणीस वर्षं ड्रेसिंग करत होत्या. पेशंट शिव्या द्यायचे, एकदोघांनी लाथाही घातल्या, पण त्यांचा हात कधी डगमगला नाही. नवऱ्याने जबडा मोडल्यावर तान्ह्या लेकीला घेऊन त्या या शहरात पळून आल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी नर्सेसच्या वेबिनारची पानं तयार करते. वक्त्याचा परिचय ऐंशी शब्दांच्या आत हवा आणि तिऱ्हाइताने सांगावा तसा हवा. आधी आत्ताचा हुद्दा आणि संस्था, मग विषयाशी जुळणारा अनुभव, एखादं ठळक काम, जमलं तर शेवटी घरची ओळ. लोक आत्मचरित्र पाठवतात आणि ते कापताना माझ्या नाकी नऊ येतात. सिस्टरांनी मात्र तीसच शब्द पाठवले. हॉस्पिटल नाही, फोटो नाही. मी फोन केला.

"एवढं पुरे आहे हो. हॉस्पिटलचं नाव नको," त्या म्हणाल्या.

"अहो, कुठल्या सिस्टर ते लोकांना कळायला नको?"

"नको."

मला वाटलं, लाजतायत. मी पडले शहाणी. त्यांचं नाव सुचवणाऱ्या मेट्रनला विचारून हॉस्पिटल, वॉर्ड, तीनशे नर्सेसना दिलेलं प्रशिक्षण, सगळं घातलं. शेवटी लिहिलं, 'हॉस्पिटलच्या आवारातच त्या लेकीसह राहतात.' अठ्ठ्याहत्तर शब्द भरले. पान टाकण्याआधी परिचय वक्त्याला दाखवायचा, हा नियम माझाच. तो मीच धाब्यावर बसवला.

पान टाकल्यावर पाचव्या दिवशी, भर दुपारी सिस्टरांचा नवरा ड्रेसिंगच्या खोलीत शिरला. हातात लोखंडी सळई. पहिल्याच फटक्यात सिस्टरांचं मनगट मोडलं. खाटेवर अर्धवट पट्टी बांधलेली बाई किंचाळत होती. तिला लागू नये म्हणून त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि पुढचे तीन फटके खांद्यावर घेतले. मग डाव्या हाताने स्टीलचा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं, दात पडले, तरी तो मारतच राहिला. वॉर्डबॉय त्याला पाडून छाताडावर बसले, तोवर भिंतीवर रक्त उडालं होतं. त्याच्या खिशात माझ्या पानाची प्रिंट निघाली. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली.

मी भेटायला गेले. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"तो परिचय वाचून दाखवा," प्लास्टरमधला हात उशीवर ठेवत त्या म्हणाल्या. मी वाचला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तो सुटला की परत इथेच येईल. आम्ही जातो."

पान मी केव्हाच काढलं होतं. पण दोन संघटनांनी तोच परिचय जसाच्या तसा उचलून आपल्या कार्यक्रमपत्रिकांत छापला होता. त्या वाटूनही झाल्या होत्या.

महिन्याभरात सिस्टरांनी राजीनामा दिला. निघताना त्यांनी फोन केला. कुठे जाताय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांच्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.