भागीरथीच्या पाटीवरचे तांदूळ

"खडूला माफी आहे, रंगाला नाही."

हरिचंद्र पेंटर हे दिवसातून चार वेळा म्हणायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, चहावाल्याला म्हणायचा, आणि ऐकायला कोणी नसेल तर कोऱ्या पत्र्याला म्हणायचा. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून तो सोळाव्या वर्षी उल्हासनगरला आला आणि कॅम्प चारमध्ये जयदेव नावाच्या सिंधी पेंटरच्या हाताखाली ब्रश धुवायला लागला. दोन वर्षांनी त्याला पहिली पाटी मिळाली, एका किराणा दुकानाची. त्याने ती डावीकडून थेट रंगवायला घेतली. मालकाचं नाव राजेशाही थाटात, ऐसपैस बसलं. 'प्रोव्हिजन'ही सुखात होतं. 'स्टोअर्स'च्या वेळी पत्रा संपत आला. शेवटचं अक्षर त्याला पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर वळवून काढावं लागलं. मालक म्हणाला, "साईं, ये दुकान का नाम है के गली का मोड?" पाटी अकरा वर्षं तिथेच राहिली. अकरा वर्षं हरिचंद्र त्या गल्लीतून गेला नाही, मागच्या नाल्याकडून गेला.

त्या दिवसापासून तो आधी खडू हातात घ्यायचा. पांढऱ्या भुकटीत बुडवलेली दोरी पत्र्यावर ताणायची, टिचकी मारायची, की वरची रेघ उमटली. तशीच खालची. मग सगळं नाव खडूने हलकेच लिहायचं, समोरच्या फुटपाथवर जायचं, डोळे बारीक करायचे, परत यायचं, फडक्याने एखादं अक्षर पुसायचं आणि बोटभर सरकवायचं. असं पाच-सहा वेळा. रस्ता ओलांडण्यातच त्याचा अर्धा दिवस जायचा. रिक्षावाले त्याला ओळखायला लागले होते. तो मध्येच उभा राहिला तरी हॉर्न वाजवत नसत, वळून जात.

बदलापूरजवळच्या आमच्या सोनिवलीत तो आला शहाण्णव साली. तोवर कॅम्प चारमध्ये कॉम्प्युटरवर स्टिकर कापून देणारं दुकान निघालं होतं. अक्षरं तयार, गुळगुळीत, एका तासात. जयदेव पेंटरने ब्रश ठेवून मोबिल ऑइल विकायला सुरुवात केली. हरिचंद्रची उल्हासनगरातली कामं एकेक करून गेली. सोनिवलीत मात्र नव्या इमारतींखाली अकरा गाळे निघाले होते आणि अकराच्या अकरा पाट्या कोऱ्या होत्या. गाळेवाल्यांनी ठरवलं होतं की पहिली पाटी शंकररावांच्या पिठाच्या गिरणीची होऊ दे. ती बरी दिसली तर बाकीच्या दहा ह्याच पेंटरला, नाहीतर सगळे मिळून स्टिकर आणू. हरिचंद्रला हे तोंडावर सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीच्या वॉचमनची जागा त्याच्या मेहुण्याने त्याच्यासाठी बघून ठेवली होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तो शनिवार होता.

शंकरराव अंबरनाथच्या कारखान्यात तपासनीस होते. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजल्या. केसाच्या जाडीएवढा फरक दिसला की वस्तू नापास. निवृत्त झाल्यावर त्यांनी गिरणी टाकली आणि बायकोचं नाव दिलं: भागीरथी. खाली लहान अक्षरांत पीठ गिरणी. भागीरथीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. आपलं नाव पत्र्यावर येणार म्हणून त्या सकाळपासून दारात स्टूल टाकून बसल्या होत्या.

हरिचंद्रने पत्र्यावर पिवळी जमीन, म्हणजे अक्षरांखालचा रंग, दोन दिवस आधीच मारून वाळवली होती. शनिवारी सकाळी त्याने कागदावरच्या आपल्या नमुन्यावरून फूटभर उंचीची अक्षरं खडूने मांडली, सात वेळा रस्ता ओलांडला, आणि "जेवून येतो" म्हणून स्टँडकडे गेला.

तो गेल्यावर शंकररावांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. भ आणि त्याच्या कान्याच्या मध्ये पासष्ट मिलिमीटर. गी आणि र यांच्या मध्ये अठरा. त्यांनी पुन्हा मोजलं. मग पत्रा जमिनीवर आडवा घातला, फडकं घेतलं, सगळं नाव पुसलं आणि पट्टी लावून नव्याने काढलं. दर दोन अक्षरांमध्ये पन्नास मिलिमीटर, ना एक कमी, ना एक जास्त. अक्षरांचे आकार त्यांनी हरिचंद्रच्या कागदावरून बरोबर उचलले होते. त्यात खोट नव्हती.

हरिचंद्र परत आला. पाटीकडे बघितलं. तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"कोणी केलं?"

"मी. तुमच्या कामात सत्तेचाळीस मिलिमीटरचा फरक होता, पेंटर. आमच्याकडे एवढ्या फरकावर माणसं घरी गेलीत."

"माझ्यासाठी पण जागा बघून ठेवलीय," हरिचंद्र म्हणाला. "पाटी उभी करा."

दोघांनी पत्रा गिरणीच्या पायरीवर भिंतीला टेकवून उभा केला.

"वहिनी, जरा माझ्यासंगं रस्त्यापलीकडं या."

"मला कुठं वाचता येतंय, भाऊ?"

"म्हणूनच म्हणतो. वाचणाऱ्याला नाव दिसतं. तुम्हाला जे हाय ते दिसंल."

भागीरथीबाई पदर सावरत पलीकडे गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. शंकरराव हाताची घडी घालून उभे.

"ह्या अंगाला दात दाटीवाटीनं आल्यात," त्या डावीकडे बोट करून म्हणाल्या, "आणि मधे एक पडलाय."

"पडलाय कुठं? सगळीकडे पन्नास आहे!" शंकरराव इकडून ओरडले.

"असंल. पण पडलाय."

डावीकडे भ, कान्याचा दांडा, मग ग, पुन्हा दांडा: सरळ उभे खांब शेजारी शेजारी, कुंपणासारखे. त्यानंतर र. र ला दांडा नाही. वरून लोंबतो, पोट पुढे काढतो आणि शेपूट खाली सोडतो. त्याच्या डाव्या अंगाला खाली सगळं रान मोकळं. पट्टी मोजते ती जवळात जवळची जागा. मोकळं रान ती मोजतच नाही.

हे हरिचंद्रने असं सांगितलं नाही. त्याला असं सांगता येत नव्हतं. तो फक्त म्हणाला, "अंतर नका मोजू, साहेब. मधलं पांढरं मोजा."

"पांढरं कशाने मोजणार? आणि पाटी पिवळी आहे."

"तेच पांढरं."

"हिला वाटलं म्हणून मी पास करू? वाटणं म्हणजे माप नव्हे."

हरिचंद्रने तंबाखू बाजूला थुंकून टाकली. मग भागीरथीबाईंना म्हणाला, "वहिनी, दोन शेर तांदूळ द्या. आणि एक लहान वाटी."

पत्रा जमिनीवर पोत्यांवर आडवा घातला. हरिचंद्र उकिडवा बसला आणि दोन अक्षरांच्या मधल्या जागेत, वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत, तांदूळ पसरायला लागला. एकावर एक दाणा नाही, एकच थर. पत्र्यावर खडूच्या रेघांची शेतं झाली आणि त्यांत तो पेरणी करत होता. एव्हाना बाकीचे गाळेवाले जमले होते. केशकर्तनालयवाला चिंतामणी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून आला, गिऱ्हाईकही आलं.

"आता हे ज्या त्या जागेचं उचला, साहेब, आणि वाटीनं मोजा. मी हात लावत नाही."

शंकररावांनी बाही वर केली. भ आणि कान्याच्या मधलं त्यांनी बोटाने गोळा केलं. एक वाटी, सपाट. ग आणि त्याच्या वेलांटीच्या दांड्यामधलं: एक वाटी. मग वेलांटीचा दांडा आणि र. एक वाटी भरली. तांदूळ उरले. दुसरी भरत आली.

"दोनाला थोडी कमी," चिंतामणी मोठ्याने म्हणाला.

"मला दिसतंय," शंकरराव म्हणाले.

त्यांनी तिन्ही मापं पुन्हा घेतली. तेवढीच आली. मग उठले, फडकं हरिचंद्रच्या हातात दिलं आणि स्टुलावर जाऊन बसले. भागीरथीबाई उभ्याच राहिल्या.

हरिचंद्रने पट्टीने काढलेलं नाव पुसलं. दोरीची वरची-खालची रेघ तेवढी ठेवली. पत्रा उभा करून पुन्हा आपल्या पद्धतीने नाव मांडलं, पुन्हा सात वेळा रस्ता ओलांडला. र ला त्याने गी च्या दांड्याशी ओढून घेतलं, इतकं की जवळून बघणाऱ्याला ती चूक वाटावी. खांबाखांबांमध्ये हवा सोडली. पुन्हा पत्रा आडवा, पुन्हा तांदूळ, पुन्हा वाटी. आता बहुतेक ठिकाणी सव्वाच्या आसपास भरत होतं.

"इथं दीड आहे," शंकरराव र जवळ बोट ठेवून म्हणाले. त्यांच्या आवाजात इतक्या वेळाने थोडा जीव आला. "पाव वाटीचा फरक!"

"आहे."

"मग?"

"उघड्या तोंडाचं अक्षर आहे, साहेब. मधलं सगळं पांढरं त्या जागेचं नसतं, थोडं त्याच्या स्वतःच्या पोटात जातं. तेवढं जास्त द्यावं लागतं."

"किती जास्त? नक्की सांगा."

"ते पलीकडून दिसतं."

शंकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा मोजायच्या वस्तूकडे पाठ केली आणि रस्ता ओलांडला. एक रिक्षा करकचून थांबली. ते पलीकडे उभे राहिले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. भागीरथीबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"पडलाय का दात?" त्यांनी विचारलं.

"नाही," शंकरराव म्हणाले.

परत येऊन त्यांनी खडू घेतला आणि पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात, कारखान्यात करायचे तशी, छोटी बरोबरची खूण केली. खाली तारीख घातली. हरिचंद्रने ती खूण पुसली नाही. पुढे रंग भरताना त्याने तिच्या बाजूने ब्रश वळवून नेला.

रविवारी दिवसभर त्याने लाल रंग भरला, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून, श्वास रोखून. डोक्यावरची रेघ शेवटी ओढली, एका दमात, पत्र्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गाळेवाले जमले आणि बोलायला चिंतामणी पुढे झाला.

"आमच्या दहा पाट्या पण तुम्हीच करा, पेंटर. फक्त माझ्या नावात ओळीने खांबच खांब आहेत, त्याचं काय?"

"तांदूळ तुमचे आणा," हरिचंद्र म्हणाला.

नाक्यावरच्या पीसीओवरून त्याने मेहुण्याला फोन केला. "नाही," म्हणाला, आणि ठेवला. पुढे काही सांगण्यासारखं त्याला वाटलं नसावं. मेहुणा बराच वेळ हॅलो हॅलो करत असणार.

संध्याकाळी त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले, दोरी कमरेला बांधली आणि उल्हासनगरची गाडी धरायला बदलापूरच्या रस्त्याला लागला. चालताना तो दोन्हीकडच्या पाट्या बघत होता आणि मधूनमधून मान हलवत होता. एका मेडिकलसमोर तर थांबलाच, दोन पावलं मागे आला, पुन्हा बघितलं आणि पुढे गेला. शंकरराव गिरणीच्या पायरीवर बसून वाटी धान्य मोजायच्या मापाजवळ धरून तिच्यात नक्की किती मावतं ते जुळवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. भागीरथीबाई रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. तो पुलापाशी वळेपर्यंत त्या त्याला बघत राहिल्या.