बेसिनचा पाय तुळशीखाली

घरी पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी कुणाशी भांडले नाही, तर आईला माझी तब्येत बरी नाही असं वाटतं. त्या शनिवारी तिला तशी काळजी करावी लागली नाही. नांदेडहून बसनं लातूरला उतरले, घरात शिरले आणि पर्स खांद्यावर असतानाच अण्णांवर तोंड सोडलं. अण्णा म्हणजे माझे वडील. शिरूर अनंतपाळकडं आमची शेती. उभा जन्म नांगर, मोट आणि बैलांच्या मागं गेलेला माणूस. तीन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं.

पण माणूस हार मानणारा नव्हता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना एक धडा दिला होता. वॉकर घेऊन मधल्या बोळीतल्या बेसिनपर्यंत जायचं, दोन्ही हात बेसिनच्या कडेवर ठेवायचे आणि पाच मिनिटं उभं राहायचं. एवढं जमलं की पुढं काठी, मग अंगण, मग शेत. अण्णांनी ते मनावर घेतलं. रोज फोनवर मला मिनिटं सांगायचे. आज दोन. आज अडीच. आणि मग एका दिवशी एकाएकी सगळं बंद. दहा दिवस झाले, पलंगावरून उतरायचं नाव नाही. तोंड धुवायलासुद्धा आईनं घमेलं न्यायचं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता बसले तर कायमचे बसतील, सोमवारी येतो, बघू.

म्हणून मी भांडले. आळस म्हणाले, हट्ट म्हणाले, आईचे हाल दिसत नाहीत का म्हणाले. नको ते सगळं बोलले. अण्णा भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाले, "माझ्यात काही राहिलं न्हाई, माय."

रविवारी सकाळी मी दात घासायला बेसिनपाशी गेले. रात्रीचा राग अंगात होताच. चूळ भरायला वाकताना मी डावा हात बेसिनवर दाबला आणि बेसिन हललं. नीट सांगायचं तर डावीकडं झुकलं आणि परत जागेवर आलं. मला वाटलं, प्रवासानं चक्कर आली. पुन्हा दाबलं. पुन्हा झुकलं. भिंतीच्या फरशीत आणि बेसिनमध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती.

ब्रश तोंडात तसाच. मी तिथं उभी, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. झटका आलेला माणूस. डाव्या अंगावर भरवसा नाही. तो रोज इथं उभा राहतो, हातावर भार टाकतो, आणि एक दिवस हाताखालचं सगळं डुगडुगतं. तो काय समजेल? मी धावत त्यांच्या खोलीत गेले. तोंडाला फेस, हातात ब्रश, कपाळाला आठ्या. आई मागून ओरडत होती की झालं काय. मी अण्णांना विचारलं, उभं राहणं का सोडलं ते खरं सांगा.

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "उभा राहिलो की अंग हलून राहिलं होतं. रोज जास्तच. म्हटलं, पुन्हा झटका यायला लागलाय. कुणाला सांगावं?"

मी त्यांना सांगितलं की हलतंय ते बेसिन. त्यांचा विश्वास बसेना. मुलगी समजूत काढतेय असं त्यांना वाटलं. मग आई आणि मी दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची ओढत बोळीत नेली आणि मी त्यांच्यासमोर बेसिनला जरासं ढकललं. अण्णा बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हातानं बेसिनची कड धरून स्वतः हलवून पाहिली, एकदा, दोनदा. ते हसायला लागले. तीन महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं आणि मला रडायला येत होतं.

आता हे बेसिन असं मोकळं लटकत का होतं, त्याची कथा वेगळीच आहे आणि ती लातूरकराला सांगावी लागत नाही. ज्या वर्षी शहराला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी आईनं घरातला एक थेंब गटारीत जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. बेसिनखाली चिनी मातीचा उभा खांब होता, सगळे त्याला पायच म्हणायचे. तो पाय तिनं काढला, सांडपाण्याचा लवचिक पाईप जमिनीतल्या भोकातून उपटला आणि खाली बादली ठेवली. ती बादली संडासात आणि झाडांना. पुढं पाऊस झाला, धरण भरलं, बादली मात्र राहिली. आणि तो पाय? तो अंगणात तुळशीच्या कुंडीखाली. आईच्या मते त्याला याहून चांगली जागा मिळालीच नसती. इतकी वर्षं ते जड बेसिन भिंतीतल्या दोन स्क्रूंवर जीव धरून होतं. आई स्वतः मागच्या मोरीवर तोंड धुते, त्यामुळं तिला काही कळलंच नाही. बादलीभोवती ओल दिसायची, तर अण्णा सांडतात म्हणून ती गप्प पुसायची.

मी फोन केला आणि रविवार असूनही नळाचे मिस्त्री आले. पन्नाशीचे, गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाईप त्यांनीच जोडलेले. त्यांनी आधी कुणालाही बेसिनला हात लावू दिला नाही. खाली स्टूल सरकवलं, त्यावर जुनी गोधडी घडी करून बेसिनचं भांडं टेकवलं, म्हणजे स्क्रू सुटले तरी वजन पाईपावर यायला नको. मग खालची तोटी बंद केली आणि सांडपाण्याच्या पाईपाचा नट हातानंच हळूहळू सैल केला. बेसिन हलून हलून पाईप ओढला गेला होता, ओल तिथूनच गळत होती. आणि इथं आमचा जीव टांगणीला लागला, कारण नळाच्या मागं एक काळी बारीक रेघ दिसली. मिस्त्री म्हणाले, तडा असेल तर हे परत लावणार न्हाई, काकांच्या अंगावर फुटलं तर हात कापेल. नवं आणायचं तर दुकान सोमवारीच उघडणार.

त्यांनी बोटाच्या पेरानं भांडं वाजवलं. खणखणीत आवाज आला. रेघेवरून नख फिरवलं, अडकलं नाही. मग आईनं लिंबाची फोड आणि सोडा घासला आणि रेघ गेली. तो अण्णांच्या मिशीचा कलप होता. आजारपणाच्या आधीचा, न पुसलेला. आईनं त्यांच्याकडं असं काही पाहिलं की ते मिशीवरून हात फिरवत छताकडं बघायला लागले.

भिंतीत पाहिलं तर आतल्या, स्क्रू धरणाऱ्या लाकडी गिट्ट्या पाण्यानं कुजून भुगा झाल्या होत्या. मिस्त्रींनी जमिनीतल्या पाईपाच्या तोंडात फडकं कोंबलं, खडे आत जाऊ नयेत म्हणून, आणि ड्रिल चालू केलं. गिलावा ओलांडून विटेत खोल भोकं, त्यात नायलॉनच्या गिट्ट्या, मग दोन लोखंडी ब्रॅकेट, पाणसळ लावून एका रेषेत. बेसिन त्यावर बसलं, मागं बोल्ट आले, चिनी मातीला लोखंड टोचू नये म्हणून रबराचे वायसर आले. पाना माझ्या हातात होता, मी जोर लावायला लागले, तर त्यांनी तो काढूनच घेतला. म्हणाले, ताई, भांडी अशीच फुटत असतात, बसला की थांबायचं. माझा स्वभाव त्यांनी पाच मिनिटांत ओळखला.

मग त्यांनी पाय मागितला. नुसत्या ब्रॅकेटवर भागलं असतं, पण सगळा भार टाकणारा माणूस असला की खालूनही आधार हवा आणि पाईपाला वॉकरचा धक्का लागायला नको. मी आईकडं पाहिलं. रविवारी आई तुळशीला पाणीसुद्धा घालत नाही, हात लावणं दूरच. शिवाय पाय लागला की बादली गेली. मी मनातल्या मनात दुसऱ्या भांडणाची तयारी केली. आई अंगणात गेली, तुळशीला हात जोडले, ओठांनी काहीतरी पुटपुटली आणि कुंडी स्वतः उचलून चार विटांवर ठेवली. आत येऊन मिस्त्रींना म्हणाली, "पाय घ्या भाऊ. पण पाणी गटारीत न्हाई जाऊ द्यायचं."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. बोळीच्या भिंतीपलीकडंच परसात पेरूचं झाड आहे. त्यांनी पायाच्या मागून भिंतीला आरपार भोक पाडलं, पाईपाला उतार देऊन तो पेरूच्या आळ्यापर्यंत नेला, तोंडाला झुरळं-उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी बसवली आणि जमिनीतलं जुनं भोक सिमेंटनं बुजवलं. चूळ भरलेलं पाणी तुळशीला चाललं नसतं, पेरूची काही हरकत नव्हती. शेवटी भिंतीच्या फटीत सिलिकॉन भरलं आणि बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत भार टाकायचा न्हाई.

मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून सोमवारची रजा सांगितली. इतकी अधीर मी माझ्या लग्नातही नव्हते. अण्णा दिवसभर दर तासाला विचारत होते, वाळलं का गं?

सोमवारी संध्याकाळी डॉक्टर आले. आई म्हणाली, मला बघवणार नाही, आणि परसात निघून गेली. अण्णा वॉकर घेऊन बोळीत आले. उजवा हात ठेवला, मग डावा उचलून ठेवला. दाबला. बेसिन ढिम्म. मग सगळा भार टाकून उभे राहिले आणि आरशात बघितलं.

"आता हाललं तर मीच," ते म्हणाले.

एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला डावा गुडघा थरथरला. माझा हात पुढं गेला, डॉक्टरांनी तो अडवला. अण्णांनी खाली आपल्या पायाकडं पाहिलं, दात आवळले आणि गुडघा सरळ केला. आता त्यांना कळत होतं की आपलं काय हलतंय आणि ते आवरता येतं. पाच मिनिटं झाली. डॉक्टर म्हणाले, बस्स करा काका. अण्णा म्हणाले, थांबा, आलोय तर तोंड धुतो.

आणि त्यांनी उजवा हात सोडला. सगळा भार डाव्या हातावर ठेवून त्यांनी नळ उघडला, ओंजळ जमेना म्हणून एकाच हातानं तोंडावर पाणी मारलं. पुन्हा एकदा मारलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

"पेरूला पाणी आलं गं."